साठच्या आतले सतरा आकडे

२९ मे १८३२ रोजी पॅरिसमध्ये एव्हारिस्त गाल्वा या वीस वर्षांच्या मुलाने ऑग्युस्त शेवालिए या मित्राला एक लांबलचक पत्र लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला द्वंद्वयुद्धाला उभं राहायचं होतं. त्यात गोळी लागून ३१ मे रोजी तो गेला. त्या पत्रात समीकरणांबद्दल, गटांबद्दल पुष्कळ काही आहे, पण मला आज त्यातल्या एकाच विधानाबद्दल लिहायचं आहे. गाल्वाचं म्हणणं असं, की ज्या गटाचे आणखी तुकडे पडत नाहीत आणि ज्यातल्या घटकांची संख्या मूळ संख्याही नाही, असा सर्वांत लहान गट ५ × ४ × ३ म्हणजे ६० घटकांचा असतो. सिद्धता दिलेली नाही. वेळही नव्हता.

हे विधान खरं आहे. ते पटवून घ्यायचं तर साठच्या आतली प्रत्येक संयुक्त संख्या तपासून तिथे असा अखंड गट बसत नाही हे दाखवावं लागतं. अशा संख्या एकूण ४१ आहेत. त्यांपैकी १७ संख्या दोन वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार आहेत: ६, १०, १४, १५, २१, २२, २६, ३३, ३४, ३५, ३८, ३९, ४६, ५१, ५५, ५७ आणि ५८. गणिताच्या वर्गात फळ्यावर ‘order pq’ असं लिहिलेलं असतं ते यांच्याबद्दल. या सतराही संख्या एकाच युक्तिवादाने निकालात निघतात, आणि तो युक्तिवाद मोजणीचा आहे. बेरीज, भागाकार आणि बाकी एवढंच त्यात लागतं. मात्र काय मोजायचं हे आधी कळायला हवं.

गट म्हणजे काय, हे व्याख्येपेक्षा एका उदाहरणातून पाहू. आठवड्याचे सात वार घ्या आणि त्यांना क्रमांक द्या: रविवार ०, सोमवार १, मंगळवार २, असं करत शनिवार ६. आता या वारांची अदलाबदल करणाऱ्या दोन कृती ठरवू. पहिली कृती ‘सरक’: प्रत्येक वार एक घर पुढे जातो, शनिवारचा रविवार होतो. दुसरी कृती ‘दुप्पट’: क्रमांक दुप्पट करायचा, आणि तो सातच्या पलीकडे गेला तर सात वजा करायचे. या दुपटीत रविवार जागचा हलत नाही, कारण शून्याची दुप्पट शून्यच. सोमवार मंगळवारच्या जागी जातो, मंगळवार गुरुवारच्या जागी, आणि गुरुवारची दुप्पट आठ, आठातून सात गेले की एक, म्हणजे पुन्हा सोमवार. उरलेले तीन वारही असेच एकामागोमाग फिरतात: बुधवार शनिवारकडे, शनिवार शुक्रवारकडे, शुक्रवार बुधवारकडे. तीनदा दुप्पट केली की सगळे आपापल्या घरी परत येतात.

या दोन कृती हव्या त्या क्रमाने, हव्या तितक्या वेळा करा. एकूण किती वेगवेगळ्या अदलाबदली मिळतील? दुप्पट शून्य, एक किंवा दोन वेळा, आणि मग सरक शून्य ते सहा वेळा. म्हणजे तीन गुणिले सात, बरोबर २१. यांतल्या कुठल्याही दोन एकामागून एक केल्या तरी उत्तर याच २१ मध्ये सापडतं, प्रत्येक कृती उलटवता येते, आणि ‘काहीच न करणे’ हीसुद्धा त्यातली एक कृती आहे. अशा परिवाराला गट म्हणतात. हा आपला २१ घटकांचा गट.

गटाच्या आत लहान गट असतात, ते उपगट. नुसत्या सरकण्याच्या सात कृती घेतल्या तर त्यांचा सात घटकांचा उपगट होतो. नुसत्या दुपटीच्या तीन कृतींचा (शून्य वेळा, एकदा, दोनदा) तीन घटकांचा उपगट होतो. उपगटातल्या घटकांची संख्या मोठ्या गटाच्या संख्येला नेहमी निःशेष भागते. हा लाग्रांजचा नियम. म्हणून २१ च्या गटात ५ घटकांचा उपगट शोधत बसण्यात अर्थ नाही.

आता या विषयातला खरा कळीचा प्रश्न. एखादा उपगट गटाच्या बाकीच्या कृतींपुढे टिकतो का? त्याची तपासणी अशी: आधी गटातली कोणतीही एक कृती करायची, मग उपगटातली एखादी कृती, आणि शेवटी ती पहिली कृती उलटवायची. निघालेली कृती उपगटातच राहिली, आणि हे प्रत्येक वेळी झालं, तर तो उपगट ‘नॉर्मल’. सरकण्याच्या उपगटाला ही कसोटी लावू. आधी दुप्पट, मग एक घर सरक, मग दुप्पट उलटवणं. रविवार दुपटीत रविवारच राहतो, सरकून सोमवार होतो, आणि ज्याची दुप्पट सोमवार होती तो गुरुवार, म्हणून रविवार गुरुवारवर गेला. सोमवारचा मंगळवार, मग बुधवार, आणि ज्याची दुप्पट बुधवार तो शुक्रवार. प्रत्येक वार नेमका चार घरं पुढे गेलेला दिसेल. म्हणजे एक घर सरकण्याची कृती चार घरं सरकण्याची झाली, पण राहिली सरकण्याच्याच कुटुंबात.

दुपटीचा उपगट मात्र टिकत नाही. आधी एक घर मागे या, मग दुप्पट करा, मग एक घर पुढे जा. आता रविवार हलतो आणि सोमवार जागचा हलत नाही. रविवारी खिळलेली दुप्पट सोमवारी खिळली. असं करत गेलं की कळतं, प्रत्येक वाराचा आपला स्वतंत्र तीन घटकांचा उपगट आहे. सात वार, सात उपगट, आणि गटाच्या कृती त्यांना एकमेकांच्या जागी नेत राहतात.

ज्या गटात नॉर्मल उपगट आहे (पूर्ण गट आणि ‘काहीच न करणे’ हे दोन टोकाचे सोडून) तो गट दोन लहान गटांत विभागून अभ्यासता येतो. ज्यात असा एकही नाही तो ‘सिंपल’ गट. नाव फसवं आहे. सिंपल म्हणजे सोपा नव्हे; ज्याचे तुकडे पडत नाहीत असा, संख्यांमध्ये मूळ संख्या असते तसा. गाल्वाचं विधान याच गटांबद्दल होतं. आपला वारांचा गट सिंपल नाही, कारण सरकण्याचा उपगट नॉर्मल आहे.

पण हा एकच गट झाला. २१ घटकांचा कोणताही गट, ज्याची रचना आपल्याला ठाऊक नाही, तो सिंपल नसेलच असं कसं म्हणायचं? इथे नॉर्वेतल्या एका शाळामास्तरांकडे जावं लागतं.

लुडविग सिलो यांचा जन्म १८३२ चाच, गाल्वा गेला त्या वर्षाच्या डिसेंबरातला, तेव्हाच्या क्रिस्तियानिया म्हणजे आजच्या ऑस्लो शहरात. १८५८ ते १८९८ अशी चाळीस वर्षं ते फ्रेडरिक्सहाल्ड या गावात शाळेत शिकवत होते. १८६२ मध्ये त्यांनी क्रिस्तियानियाच्या विद्यापीठात गाल्वाच्या कामावर व्याख्यानं दिली, तेव्हा श्रोत्यांत सोफस ली हा तरुण विद्यार्थी होता. दहा वर्षांनी, १८७२ मध्ये, जर्मनीतल्या एका गणिती नियतकालिकात सिलोंचा दहा-अकरा पानांचा फ्रेंच लेख छापून आला. पुढे लीनेच खटपट केली आणि वयाच्या पासष्टीत सिलो प्राध्यापक झाले. शाळेतल्या तासांमधून उरलेल्या वेळात लिहिलेली ती पानं आज जगभर गटसिद्धांताच्या प्रत्येक वर्गात शिकवली जातात. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

सिलो काय म्हणतात ते आपल्या कामापुरतं सांगतो. गटाच्या घटकसंख्येला भागणारी एक मूळ संख्या घ्या आणि तिचा जितका मोठा घात त्या संख्येला भागतो तो पाहा. तेवढ्या घटकांचा उपगट गटात असतोच. शिवाय असे उपगट किती असू शकतात यावर दोन बंधनं आहेत. एक, त्यांच्या संख्येला त्या मूळ संख्येने भागलं तर बाकी १ उरते. दुसरं, त्यांची संख्या, घटकसंख्येतून तो घात काढून टाकल्यावर जे उरतं त्याला निःशेष भागते.

बाकी १ च का? आपल्या वारांच्या गटात हे डोळ्यांनी पाहता येतं. तीन घटकांचे उपगट सात आहेत, प्रत्येक वाराचा एक. त्यांतला रविवारचा उपगट घ्या आणि त्याला बाकीच्यांची तपासणी करायला लावा. तो स्वतःला जागचा हलवत नाही. सोमवार, मंगळवार, गुरुवार यांच्या उपगटांना तो एका फेरीत फिरवतो. बुधवार, शनिवार, शुक्रवार यांच्या उपगटांना दुसऱ्या फेरीत. म्हणजे एक अधिक तीन अधिक तीन, एकूण सात. तपासणारा एकटा, बाकीचे तिघातिघांच्या टोळक्यात. तीन ही मूळ संख्या असल्यामुळे टोळकं तिघांचं तरी होईल नाहीतर एकट्याचं. मधलं काही नाही. आणि तपासणाऱ्याखेरीज दुसरं कोणी एकटं राहू शकत नाही. राहिलं तर दोघांच्या घटकांच्या जोड्यांनी मिळून नऊ घटकांचा उपगट उभा राहील, आणि नऊ एकविसाला भागत नाहीत. म्हणून संख्या नेहमी ‘तीनच्या पटीहून एक जास्त’.

दुसरं बंधन यामुळे येतं, की सारख्या आकाराचे हे सगळे उपगट गटाच्या कृतींनी एकमेकांच्या जागी नेता येतात. कुठल्याही एका उपगटाला दुसऱ्याच्या जागी नेणाऱ्या कृती प्रत्येक ठिकाणी सारख्याच संख्येने असतात, त्यामुळे एकूण कृती त्यांच्यात समान वाटल्या जातात. त्या उपगटाच्या स्वतःच्या कृती त्याला जागच्या जागी ठेवतात, म्हणून तेवढा भाग आधीच हिशेबातून निघून जातो.

आता २१ घटकांचा कोणताही अनोळखी गट समोर ठेवा. सात घटकांचे उपगट त्यात किती? दुसऱ्या बंधनाप्रमाणे ही संख्या ३ ला भागते, म्हणून ती १ किंवा ३. पहिल्या बंधनाप्रमाणे सातने भागून बाकी १, म्हणजे १, ८, १५ यांपैकी. दोन्ही याद्यांत फक्त १ आहे. सात घटकांचा उपगट एकच! आणि जो एकच आहे त्याला आधी एक कृती, शेवटी तीच उलटवून, असं कितीही वेळा फिरवलं तरी जे निघेल तोही सात घटकांचा उपगटच असणार. म्हणजे तो स्वतःच. दुसरा जायला उमेदवारच नाही. म्हणून तो नॉर्मल, म्हणून गट सिंपल नाही.

इथे २१ मधलं काहीच खास नव्हतं. लहान मूळ संख्येला p आणि मोठीला q म्हणा. q घटकांच्या उपगटांची संख्या p ला भागते, म्हणून १ किंवा p. पण p ही q पेक्षा लहान. तिला q ने भागलं तर बाकी p च राहते, १ नाही. म्हणून उपगट एकच. सतराच्या सतरा संख्या गेल्या, आणि साठच्या पुढच्या अशा अगणित संख्याही.

ज्यांना सिलोंच्या बंधनांवर लगेच विश्वास टाकवत नाही त्यांच्यासाठी हाच निष्कर्ष आणखी सरळ मोजून दाखवतो. समजा, २१ च्या गटात सात घटकांचे दोन वेगळे उपगट आहेत. त्यांच्यात सामाईक असेल तोही उपगट, त्याची संख्या सातला भागते, आणि दोघे वेगळे आहेत, म्हणून सामाईक फक्त ‘काहीच न करणे’. आता पहिल्यातली एक कृती आणि दुसऱ्यातली एक कृती लागोपाठ करा. अशा ४९ जोड्या होतात आणि त्यांची उत्तरं सगळी वेगळी येतात, कारण दोन जोड्यांचं उत्तर एक आलं तर दोन्ही उपगटांत आणखी एक सामाईक कृती निघेल. पण गटात घटक २१ च आहेत. एकविसात एकोणपन्नास बसत नाहीत. दुसरा उपगट नाही. एक तरी आहे हे कशावरून? त्यासाठी सिलोंच्याही आधीचं, १८४० च्या दशकातलं कोशीचं प्रमेय पुरतं.

मग सिलो कशाला, असं कोणी विचारेल. कारण बाकी आणि भागाकाराची जोडी या १७ संख्यांच्या पलीकडेही चालते, आणि ती नुसतं ‘दोन नाहीत’ म्हणून थांबत नाही; किती असू शकतात त्यांची यादी हातात देते.

विद्यार्थ्यांच्या वह्यांमध्ये इथे दोन चुका वारंवार दिसतात. पहिली, मोजणी लहान मूळ संख्येने सुरू करणं. २१ मध्ये तीन घटकांचे उपगट किती? संख्या ७ ला भागते, म्हणून १ किंवा ७, आणि सातला तीनने भागलं तर बाकी १ च. दोन्ही शक्यता उभ्या राहतात, आणि मुलं तिथेच अडकतात. वारांच्या गटात तर खरोखरच सात आहेत. मोजणी मोठ्या मूळ संख्येनेच करायची. लहानीकडून निष्कर्ष निघालाच पाहिजे असं नाही.

दुसरी चूक जास्त खोल आहे. नॉर्मल उपगट सापडला की मुलं लिहून टाकतात, ‘म्हणून गटात कृतींचा क्रम बदलला तरी चालतो.’ वारांचा गट याला उत्तर आहे. आधी सरक मग दुप्पट केली तर रविवार सोमवारहून मंगळवारवर जातो. आधी दुप्पट मग सरक केली तर तो सोमवारवरच थांबतो. १५ च्या गटात मात्र गोष्ट वेगळी होते. पाच घटकांचा उपगट वरच्याप्रमाणे एकच. तीन घटकांचे उपगट ५ ला भागणार, म्हणून १ किंवा ५, पण पाचला तीनने भागून बाकी २ राहते, म्हणून तोही एकच. आता घटक मोजा: ‘काहीच न करणे’ १, तीनच्या उपगटातले उरलेले २, पाचच्या उपगटातले उरलेले ४, झाले ७. राहिलेले ८ घटक कोणत्याच लहान उपगटात मावत नाहीत, म्हणून त्यांतल्या कुठल्याही एकाची पुनःपुन्हा आवृत्ती केली की सगळे पंधरा घटक मिळतात. पंधरा तासांच्या घड्याळासारखा एकच गट तिथे शक्य आहे. २१ आणि १५ मधला फरक एवढाच, की ७ ला ३ ने भागून बाकी १ येते आणि ५ ला ३ ने भागून येत नाही.

दोन्ही मूळ संख्या एकच असतील, म्हणजे ४, ९, २५, ४९ अशा संख्या असतील, तर ही मोजणी गप्प बसते. तिथे सिलोंचा उपगट म्हणजे पूर्ण गटच, आणि तो एकच असणं हे उघडच आहे. त्या गटांत सगळ्यांशी क्रम बदलून चालणारी एखादी कृती नेहमी सापडते आणि काम तिच्यावरून होतं. मूळ संख्यांच्या अशा घातांच्या संख्या साठच्या आत ८ आहेत. १७ आणि ८ वजा करता ४१ पैकी १६ उरतात, १२, १८, २०, २४ पासून ५६ पर्यंत. त्यांना सिलोंची मोजणी आणि थोडी जास्त हुशारी मिळून पुरते. १२ चंच पाहा: तीन घटकांचे उपगट १ किंवा ४. एक असेल तर काम झालं. चार असतील तर त्यांत प्रत्येकी दोन याप्रमाणे ८ घटक गेले, उरले ४, आणि चार घटकांचा उपगट तेवढ्यातच बसवायचा असल्याने तो एकच.

ऑटो होल्डर यांनी १८९२ मध्ये दोनशेपर्यंतच्या सगळ्या संख्या अशा तपासल्या. मूळ संख्या सोडल्या तर सिंपल गट त्यांना फक्त ६० आणि १६८ या दोनच संख्यांवर सापडले.

साठवर ही मोजणी का हरते ते पाहायला पंचकोनांचे काळे आणि षट्कोनांचे पांढरे तुकडे शिवलेला जुना फुटबॉल हातात घ्या. तो असा फिरवायचा की फिरवल्यावर शिवण आधीसारखीच दिसावी. काळे पंचकोन १२, समोरासमोरच्या जोड्या ६, म्हणून पाच घटकांचे उपगट ६. सहाला पाचने भागून बाकी १, आणि सहा बाराला भागतात. दोन्ही बंधनं पाळली गेली आणि उपगट तरी एक नाही. पांढरे षट्कोन २०, जोड्या १०, म्हणून तीन घटकांचे उपगट १०. दोन पांढऱ्यांच्या मधल्या शिवणी ३०, जोड्या १५, आणि प्रत्येकीभोवती एक अर्धी फेरी. आता घटक मोजा: सहा गुणिले चार २४, दहा गुणिले दोन २०, अर्ध्या फेऱ्या १५, आणि चेंडू हलवलाच नाही तो १. बेरीज बरोबर ६० येते, आणि गाल्वाने त्या पत्रात लिहिलेला अखंड गट हाच.